‘कुणाचे मन दुखावले असल्यास’ ही ओळ आधी खोडा

वाचकाचं पत्र

मी एका छोट्या फुटबॉल क्लबचा सचिव आहे. गेल्या शनिवारी आमच्या मैदानावर सामना होता. शेवटच्या दहा मिनिटांत आमच्याविरुद्ध पेनल्टी दिली गेली आणि त्यानंतर आमच्या काही प्रेक्षकांनी पाहुण्या गोलरक्षकाला अत्यंत घाणेरड्या शिव्या दिल्या, पाण्याच्या बाटल्या फेकल्या. मुलगा १७ वर्षांचा आहे. सामना संपल्यावर त्यांची बस अडवली गेली आणि बसची एक काच फुटली. आमचे अध्यक्ष म्हणतात, संघटनेचा निर्णय येईपर्यंत एक अक्षर लिहायचं नाही, लिहिलं तर गुन्हा कबूल केल्यासारखं होईल. एका सदस्याने मसुदा केला आहे, तो सोबत जोडतो. खरं सांगायचं तर गोंधळ घालणाऱ्यांपैकी एकही आमचा सभासद नव्हता. आणि त्यांच्या खेळाडूनेही गोल झाल्यावर आमच्या प्रेक्षकांकडे बघत कानामागे हात धरून त्यांना डिवचलं होतं. तीन आठवड्यांनी आम्हाला त्यांच्या मैदानावर खेळायचं आहे. माफीपत्र पाठवावं का? पाठवायचं तर काय लिहावं?
— एक सचिव

उत्तर

सचिवसाहेब, तुमचं पत्र वाचलं त्याच दिवशी तुम्हाला दोन ओळी कळवल्या होत्या: आधी फोन करा, मसुद्याचं नंतर बघू. तुम्ही फोन केलात, आणि त्यातून काय निघालं तेही मला कळवलंत. तुमच्या परवानगीने ते इथे सांगतो, कारण या सगळ्या प्रकरणात तीच गोष्ट सर्वांत उपयोगाची आहे.

तुमच्या सदस्याच्या मसुद्यात एक वाक्य आहे: ‘सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही.’ तुमच्या क्लबमध्ये सगळ्यांची तशीच समजूत होती. फोनवर त्यांच्या सचिवांनी सांगितलं की बसची काच फुटली तेव्हा खिडकीशी बसलेल्या एका राखीव खेळाडूच्या कपाळाला काप गेला आणि परत जाताना वाटेत बस थांबवून त्याला टाके घालावे लागले. आता कल्पना करा, तो मसुदा तसाच गेला असता तर? ज्या मुलाच्या कपाळावर पट्टी आहे त्याच्या क्लबला तुम्ही लेखी कळवलं असतं की कुणाला काही झालं नाही. माफीपत्राने भांडण वाढतं ते बहुधा असं. लिहिणाऱ्याच्या मनात खोट नसते, त्याने फक्त समोरच्याला विचारलेलं नसतं.

म्हणून ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांच्यासाठी सांगतो. पहिला फोन त्याच रात्री, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी. एका सचिवाने दुसऱ्या सचिवाला करायचा. सगळे घरी नीट पोचले का, कुणाला लागलं का, बसचं काय झालं, तुमच्या मुलांनी काय पाहिलं, एवढंच विचारायचं आणि ऐकताना लिहून घ्यायचं. खुलासा करायचा नाही. ‘आमच्याकडेही पोरं तापलेली होती हो’ असं वाक्य जिभेवर येतंच, ते गिळायचं. चार मिनिटांचा फोन असतो, त्यात बोलायचं कमी असतं.

त्याच वेळी आपल्या बाजूची माहितीही गोळा करायची. सामन्याच्या दिवशी मैदानावर असलेल्या तीन-चार जणांनी, फाटकावरचा एक, बाकाजवळचा एक, बसकडे गेलेला एक, असं प्रत्येकाने वेगवेगळं बसून आपण काय पाहिलं ते लिहून द्यावं. एकत्र बसून लिहिलं की सगळ्यांची एकच गोष्ट तयार होते आणि ती हमखास सोयीची असते. मैदानावर कॅमेरे असतील तर त्या दिवसाचं चित्रण लगेच वेगळं काढून ठेवा. बहुतेक यंत्रणा काही दिवसांनी जुन्यावर नवं चढवत जातात आणि संघटनेने मागितलं तेव्हा तुमच्याकडे काहीच नसतं. मग ‘मुद्दाम पुसलं’ असं म्हणायला लोक मोकळे.

आता तुमच्या पत्रातल्या ‘एकही आमचा सभासद नव्हता’ या वाक्याकडे येतो. हे खरं असेल. पण मला सांगा, परवा संघ जिंकला असता आणि हीच माणसं नाचत मैदानाबाहेर पडली असती, तर तुम्ही त्यांना काय म्हटलं असतं? ‘आमचे पाठीराखे.’ गर्दी आपली आहे की नाही हे निकालानंतर ठरवता येत नाही. शिवाय पाहुण्या संघाला तुमच्या सभासदांच्या यादीशी देणंघेणं नाही. ते तुमच्या बोलावण्यावर आले, तुमच्या फाटकातून आत आले, बस तुम्ही दाखवलेल्या जागी उभी केली. यजमानाची जबाबदारी इथून सुरू होते आणि बस रस्त्याला लागेपर्यंत संपत नाही.

हा नुसता शिष्टाचार नाही, नियमही जवळपास हेच सांगतात. फिफाच्या शिस्तसंहितेत सामन्याआधी, सामन्यात आणि सामन्यानंतर, स्टेडियममध्ये आणि त्याच्या आसपास सुव्यवस्था राखण्याची जबाबदारी यजमान क्लबवर टाकलेली आहे. वस्तू फेकणं, नासधूस करणं अशा प्रकारांत तर सामन्याच्या आयोजनात क्लबने काही हयगय केली नव्हती हे सिद्ध झालं तरी क्लबवर कारवाई होऊ शकते. तुमच्या संघटनेचे नियम वेगळे असू शकतील, ते काढून वाचाच. पण अनेक संघटनांची नियमावली याच वळणाची असते. तसं असेल तर तुमच्या अध्यक्षांच्या भीतीतला मोठा भाग गळून पडतो. जिथे ‘प्रेक्षकांनी केलं’ एवढं पुरेसं आहे, तिथे गप्प राहून तुम्ही वाचवणार काय? पंचांचा अहवाल तर केव्हाच गेला असेल.

तरीही अध्यक्षांचं म्हणणं मी पूर्ण उडवून लावणार नाही. त्यांच्या भीतीत एक खरा दाणा आहे, फक्त ते तो चुकीच्या जागी शोधताहेत. धोका शिस्तपालन समितीकडून कमी आणि विम्याकडून जास्त आहे. क्लबचा दायित्व विमा असेल तर त्याच्या अटींमध्ये बहुधा असं एक कलम सापडेल की कंपनीला विचारल्याशिवाय जबाबदारी कबूल करायची नाही किंवा भरपाईचं वचन द्यायचं नाही. एका मुलाला टाके पडले आहेत, उद्या दावा येऊ शकतो. तेव्हा पत्र जाण्यापूर्वी विमा कंपनीला घटना कळवा, मसुदा दाखवा, ओळखीचा वकील असेल तर त्यालाही दाखवा. पण त्यासाठी एक दिवस द्या, एक महिना नाही. आणि त्यांनी कुठल्या वाक्यांना हात लावायचा ते तुम्ही ठरवा. पैशाचं वाक्य, काच कशी फुटली याचं वाक्य, इथे त्यांना बोलू द्या. ‘आम्ही माफी मागतो’ हे वाक्य त्यांच्या हातात देऊ नका. काही ठिकाणच्या कायद्यांनी हा गुंता सोडवलाही आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००६च्या भरपाईविषयक कायद्यात स्पष्ट म्हटलंय की केवळ माफी मागितली म्हणून हलगर्जीपणाची कबुली होत नाही, आणि कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने त्याच वर्षी खास माफीसाठीच कायदा केला. तुमच्याकडे काय आहे ते वकील सांगेल.

‘निर्णय येईपर्यंत थांबू’ याबद्दल मात्र मला एक घटना आठवते. जानेवारी २०२१मध्ये सिडनीच्या कसोटीत मोहम्मद सिराज आणि जसप्रीत बुमरा यांना प्रेक्षकांमधून वर्णद्वेषी शेरे ऐकावे लागल्याची तक्रार भारतीय संघाने केली. दुसऱ्या दिवशी, १० जानेवारीला, सिराजने पुन्हा तक्रार केल्यावर खेळ काही मिनिटं थांबला आणि सहा प्रेक्षकांना बाहेर काढलं गेलं. क्रिकेट ऑस्ट्रेलियाने त्याच दिवशी यजमान या नात्याने भारतीय संघाची निःसंदिग्ध माफी मागितली. चौकशी तेव्हा जेमतेम सुरू होत होती. तिचे निष्कर्ष त्याच महिन्याच्या अखेरीस जाहीर झाले तेव्हा दोन गोष्टी पुढे आल्या. खेळाडूंना वर्णद्वेषी वागणूक मिळाली होती हे खरं ठरलं. पण त्या दिवशी ज्यांची छायाचित्रं सगळीकडे झळकली होती ते प्रेक्षक त्यात दोषी आढळले नाहीत.

या घटनेतून तुमच्यासाठी दोन्ही बाजूंचं शिकण्यासारखं आहे. माफी चौकशीआधी आली आणि चौकशीनंतरही तिच्यातला एक शब्द मागे घ्यावा लागला नाही, कारण ती ‘आमच्या मैदानावर तुमच्याशी असं वागलं गेलं’ एवढ्यासाठी होती. कुणी केलं, हे त्या माफीत नव्हतं. समजा त्याच दिवशी ‘या सहा जणांबद्दल आम्ही माफी मागतो’ असं लिहिलं गेलं असतं, तर सहा माणसं विनाकारण बदनाम झाली असती आणि पाहुण्यांना मिळालेली माफीही खोटी पडली असती. म्हणून तुमच्या पत्रात कुणाही प्रेक्षकाचं नाव नको, ‘लाल शर्टवाला’ असंही नको. तुम्हाला कितीही खात्री असली तरी नको. ती नावं संघटनेला द्या, गरज असेल तर पोलिसांना द्या.

आता मसुदा. तुमच्या सदस्याने मनापासून लिहिला असेल, त्यांचा राग येऊ नये. पण ही भाषा मी इतक्या वेळा पाहिली आहे की छापील नमुना मिळत असावा अशी मला शंका येते. तो असा आहे:

‘शनिवारच्या सामन्यात काही समाजकंटकांकडून अनुचित प्रकार घडल्याचे आमच्या कानावर आले आहे. भावनेच्या भरात असे प्रकार घडतात. सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही. या प्रकारामुळे आपल्या संघातील कोणाचे मन दुखावले गेले असल्यास क्लब दिलगिरी व्यक्त करतो. मात्र आपल्या खेळाडूंच्या वर्तनाचाही विचार व्हावा, ही अपेक्षा.’

‘कानावर आले’ कसं? तुम्ही मैदानावर होतात. ‘समाजकंटक’ हा बातमीतला तयार शब्द आहे, तो आला की वाचणाऱ्याला कळतं, इथे काखा वर झाल्या. ‘अनुचित प्रकार’ म्हणजे काय झालं? शिवी, बाटली, की काच? ज्याने ते सोसलं त्याला तुमच्या पत्रात ते नावानिशी दिसायला हवं. ते दिसलं नाही तर तुम्हाला ते कळलं आहे यावरच त्याचा विश्वास बसत नाही. शिवी शब्दशः लिहायची नाही, पण ‘त्याच्या आईवरून आणि रंगावरून शिव्या दिल्या गेल्या’ इतकं लिहिता येतं, आणि असं झालं असेल तर लिहिलंच पाहिजे.

‘दुखावले गेले असल्यास’ ही ओळ तर सगळ्यांत आधी खोडा. कपाळावर टाके आहेत, तिथे ‘असल्यास’ कसलं? या एका शब्दाने चूक आपल्याकडून उचलून समोरच्याच्या स्वभावावर ठेवली जाते, जणू मन जरा घट्ट असतं तर काही झालंच नसतं.

शब्दाचंही बघू. ‘दिलगिरी’ आणि ‘माफी’ आपण एकाच अर्थाने वापरतो, पण त्या एक नाहीत. दिलगिरी म्हणजे आम्हाला वाईट वाटलं. ते पावसाने सामना रद्द झाला तरी वाटतं. माफी मागायची म्हटली की कोणाकडून आणि कशाबद्दल हे सांगावं लागतं, आणि ती द्यायची की नाही हे समोरच्याच्या हातात जातं. समित्यांना दिलगिरी आवडते ती नेमकी याचसाठी. तुम्ही माफी हा शब्द वापरा. ‘क्षमस्व’ही नको, तो शब्द आता ‘काम चालू, रस्ता बंद’च्या पाटीवर राहायला गेला आहे.

राहिलं ते कानामागे हात धरण्याचं. तुम्हाला ते खुपलंय हे समजतं. पण सतरा वर्षांच्या मुलाने ऐकलेल्या शिव्या आणि एका खेळाडूने गोलनंतर केलेली खूण एका पत्रात शेजारी ठेवलीत, की तुम्ही हिशेब मांडायला बसलात असं दिसतं. त्या खेळाडूची तक्रार करायची असेल तर ती संघटनेकडे, वेगळ्या पत्राने, मुदतीत करा. तो तुमचा हक्क आहे. माफीपत्रात ‘मात्र’, ‘तथापि’, ‘अर्थात’ यांपैकी एकही शब्द सापडला तर त्याच्या पुढचं सगळं वाक्य काढून टाका. पंचांचा निर्णयही त्यातच आला. पेनल्टी चुकीची होती की बरोबर, बसच्या काचेचा तिच्याशी संबंध नाही.

तुम्ही कळवलेल्या माहितीवरून मी पत्र असं लिहिलं असतं. तुमच्या शब्दांत बदला, पण लांबी साधारण एवढीच ठेवा. एका पानाच्या पुढे गेलं की खुलासे सुरू होतात.

‘आदरणीय अध्यक्ष,

शनिवारी आमच्या मैदानावर तुमच्या संघाला जे सोसावं लागलं त्याबद्दल मी क्लबच्या वतीने तुमची, तुमच्या खेळाडूंची आणि त्यांच्या पालकांची माफी मागतो.

सामन्याच्या शेवटच्या दहा मिनिटांत आमच्या प्रेक्षकांपैकी काहींनी तुमच्या गोलरक्षकाला अर्वाच्य शिव्या दिल्या आणि त्याच्या दिशेने बाटल्या फेकल्या. सामन्यानंतर तुमची बस अडवण्यात आली, तिची काच फुटली आणि तुमच्या एका खेळाडूच्या कपाळाला जखम झाली. ही जखम आम्हाला तुमच्या सचिवांच्या फोनवरून कळली. ती आम्हाला त्याच संध्याकाळी कळायला हवी होती.

गोलच्या मागे आमचा एकही स्वयंसेवक उभा नव्हता, आणि बसपर्यंत तुमच्या सोबत आमचं कोणी आलं नाही. यजमान म्हणून ही व्यवस्था करणं आमचं काम होतं.

त्या दिवसाचं चित्रण आणि आमच्या स्वयंसेवकांची निवेदनं आम्ही संघटनेकडे दिली आहेत. या सामन्यापासून आमच्या मैदानावर गोलमागची जागा प्रेक्षकांसाठी बंद केली आहे आणि बाटल्या आत आणू दिल्या जाणार नाहीत. ज्यांची ओळख पटेल त्यांच्याबाबत काय निर्णय झाला ते महिन्याअखेरपर्यंत मी तुम्हाला लेखी कळवीन. बसच्या दुरुस्तीचा आणि उपचारांचा खर्च याविषयी आमचे खजिनदार या आठवड्यात तुमच्या सचिवांशी बोलतील.

तुमच्या खेळाडूची प्रकृती कशी आहे ते कळलं तर बरं वाटेल. पत्राला उत्तर द्यायलाच हवं असं नाही.’

खाली अध्यक्षांची सही.

यात ‘आमचा एकही स्वयंसेवक उभा नव्हता’ हे वाक्य वाचून तुमचे अध्यक्ष दचकतील, आणि विमा कंपनीही कदाचित याच ओळीवर बोट ठेवील. तिचा आग्रह असेल तर शब्द सौम्य करा: ‘गोलमागे आणि बसजवळ पुरेशी व्यवस्था नव्हती.’ पण ती ओळ संपूर्ण गाळू नका, कारण तिच्याशिवाय बाकीचं पत्र दुसऱ्या कुणाच्या तरी गुन्ह्याबद्दल हळहळणारं होतं. तुम्हाला स्वतःचं म्हणून कबूल करता येईल असं या पत्रात हे एवढंच आहे. शिव्या तुम्ही दिल्या नाहीत. माणूस तुम्ही उभा केला नाही.

वचनांकडेही नीट बघा. मी फक्त झालेल्या गोष्टी आणि तारीख असलेल्या गोष्टी लिहिल्या आहेत. ‘दोषींवर कठोर कारवाई करू’ असं लिहिणं फार सोपं असतं. पण अजून कार्यकारिणीची बैठक झालेली नाही, कुणाची ओळख पटलेली नाही, आणि आजन्म बंदी घालायचा अधिकार तुमच्या घटनेत आहे का हेही कुणी पाहिलेलं नाही. महिनाभराने त्यातलं काही झालं नाही तर तेच पत्र तुमच्याविरुद्ध वाचलं जाईल. माझ्याच एका जुन्या क्लबात आम्ही ‘पुन्हा असं होणार नाही’ असं लिहून दिलं होतं. पुढच्या मोसमात झालं. तेव्हा त्यांच्या सचिवाने आमच्या पत्राची प्रत काही न बोलता आमच्याच हातात ठेवली. तेव्हापासून मी ते वाक्य कुणाला लिहू देत नाही.

सही अध्यक्षांचीच हवी. सचिवाच्या सहीचं पत्र म्हणजे कार्यालयीन कामकाज. अध्यक्ष तयार नसतील तर त्यांना हे पत्र मोठ्याने वाचून दाखवा आणि विचारा, यातलं कोणतं वाक्य खोटं आहे? मी पाहिलंय की कबुलीची भीती असलेले लोक ‘पत्र’ या कल्पनेला घाबरतात, प्रत्यक्ष वाक्यं पुढे ठेवली की त्यांचा विरोध एक-दोन शब्दांवर येऊन थांबतो. तरीही नाहीच म्हणाले तर कार्यकारिणीपुढे विषय ठेवा. तुमच्या स्वतःच्या नावाने, क्लबच्या शीर्षपत्रावर, परस्पर पाठवू नका. त्यातून क्लबची माफी होत नाही, तुमचं आणि अध्यक्षांचं भांडण मात्र होतं. फोनवर तुम्ही माणूस म्हणून जे बोललात ते बोललात, ते कुणी तुमच्याकडून काढून घेऊ शकत नाही.

गोलरक्षकाला वेगळं काही लिहावंसं वाटतं, असं तुम्ही नंतर कळवलंत. लिहा, पण तो अजून सज्ञान नाही, तेव्हा त्याचा फोन नंबर शोधून थेट संदेश पाठवू नका. चार ओळींची चिठ्ठी त्याच्या क्लबकडे द्या आणि ती त्याला द्यायची की नाही हे त्याच्या पालकांवर सोडा. तुमच्या कर्णधाराने लिहिली तर तुमच्यापेक्षा बरं. खेळाडूने खेळाडूला लिहिलेलं त्याला जास्त पोचेल. त्यात ‘तू फार धैर्याने उभा राहिलास’ असली शाबासकी नको. त्याला धैर्य दाखवायची वेळच यायला नको होती. त्या पेनल्टीनंतर त्याने अडवलेला एखादा चेंडू तुमच्या कर्णधाराला आठवत असेल तर त्याबद्दल लिहू दे.

पत्र जाहीर करायचं का? आधी त्यांच्या हातात पोचू द्या आणि मग त्यांना विचारा. ज्याची माफी मागितली त्याच्याआधी ती गावाने वाचली तर ती त्याची उरत नाही. त्यांनी हो म्हटलं तर टाका, पण जखमी मुलाचा आणि गोलरक्षकाचा उल्लेख ओळख पटणार नाही असा ठेवा, आणि वय तर काढूनच टाका. नको म्हणाले तर तुमच्या फलकावर एवढंच लावा की शनिवारच्या घटनेबद्दल क्लबने पाहुण्या संघाची माफी मागितली आहे आणि गोलमागची जागा बंद केली आहे. तुमच्या स्वतःच्या प्रेक्षकांना हे कळणं आवश्यक आहे. काही जण म्हणतील, ‘आपल्याच माणसांना उघड्यावर टाकलं.’ त्यांच्याशी वाद पत्रातून घालू नका. पुढच्या सामन्याला फाटकावर उभे राहा आणि बाटल्या काढून घ्या.

संघटनेला द्यायचं उत्तर हा वेगळा कागद आहे, त्यात वस्तुस्थिती, पुरावे आणि तुम्ही केलेल्या उपाययोजना येतात. माफीपत्राची प्रत सोबत जोडायला हरकत नाही, नंतर क्लब कसा वागला हेही समिती पाहू शकते. पण माफीपत्र समितीसाठी लिहिलंय असा वास त्याला आला की पाहुण्यांना तो सगळ्यात आधी येतो. म्हणून दोन्हींच्या तारखा पाहा. माफीपत्र नोटीस येण्याच्या आधीचं असावं. तुमचं अजून तसं होऊ शकतं.

तीन आठवड्यांनी तुम्ही त्यांच्याकडे जाल. त्या सामन्याचा विषय माफीपत्रात आणू नका. ‘आमच्या खेळाडूंची काळजी घ्यावी’ असं एक वाक्य घातलंत तर ते पत्र स्वतःच्या बचावासाठी लिहिल्यासारखं वाचलं जाईल. सामन्याच्या आठवडाभर आधी वेगळा फोन करा: बस कुठे उभी करायची, आमच्या बाजूचे साधारण किती लोक येतील, त्यांना कोणत्या फाटकाने आणायचं. तुमच्या पाठीराख्यांबरोबर तुमचे स्वतःचे चार स्वयंसेवक पाठवा आणि त्यांची नावं आधीच कळवा. फाटकावर तुम्हाला टोमणे बसतील, त्याची तयारी ठेवा.

आणि उत्तर नाही आलं तर? बरेचदा येत नाही. त्यांच्याकडेही अध्यक्ष असतील, तेही म्हणत असतील की निर्णय येईपर्यंत काही लिहायचं नाही. स्मरणपत्र पाठवू नका, ‘पत्र मिळालं का’ असा फोनही नको. महिन्याअखेरीला तुम्ही कबूल केलेलं दुसरं पत्र मात्र त्या तारखेला गेलं पाहिजे, पहिल्याला उत्तर आलेलं असो वा नसो. सगळ्यांची ओळख पटली नसेल तर ‘चित्रण पाहिलं, दोघांची ओळख पटली, बाकीच्यांची नाही’ इतकंच लिहा. खजिनदारांना आजच सांगून ठेवा की काचेचं बिल आलं की ते बैठकीची वाट बघत ठेवायचं नाही.